‘उद्या दुपारी’ म्हणजे नेमकी कोणती दुपार?

प्रश्न : मी एका मंडळीचा पाळक आहे. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा एक मेसेज आला : ‘अफगाणिस्तानात २२ मिशनरी कुटुंबांना उद्या दुपारी देहदंड देणार आहेत, तातडीने प्रार्थना करा आणि जास्तीत जास्त लोकांना पाठवा.’ अर्ध्या मंडळीने तो पुढे पाठवला. एका तरुणाने हा मेसेज खोटा आहे असं लिहिलं, तर एक वडीलधारे सभासद त्याच्यावर चिडले. ‘प्रार्थनेला काय पुरावा लागतो?’ म्हणाले. आता ह्यावर उपदेश करायचा आहे. ‘सत्य तुम्हांला बंधमुक्त करील’ हे वचन घ्यावं असं मनात आहे. कुणाला टोचू नये, पण पाठवण्याआधी तपासायचं कसं हे लोकांना कळावं. कसं करू?

उत्तर : योहान ८:३२ ह्या वेळी बाजूला ठेवा. ते वचन आदल्या ओळीला धरून आहे आणि तिथे विषय येशूच्या वचनात टिकून राहण्याचा, शिष्यत्वाचा आहे. बातमी खरी की खोटी हे ठरवण्यासाठी ते ओढून आणलं की उपदेश ‘सत्य’ ह्या मोठ्या शब्दावर तरंगत राहतो. वीस मिनिटं सगळे माना डोलावतात आणि स्वतःच्या फोनची आठवण कुणालाच होत नाही. ‘खोटी साक्ष देऊ नको’ ही आज्ञा जवळची आहे, पण तिच्यातून सुटायला वाट सापडते : ‘मी कुठे खोटं बोललो? मी फक्त पाठवलं.’ म्हणून शास्त्रपाठाला निर्गम २३:१ वाचा. तिथे खोटं रचणाऱ्याचा उल्लेखच नाही, खोटी बातमी पसरवणाऱ्याला बजावलं आहे. ती पळवाट ह्या एका ओळीने बंद होते आणि त्यावर तुम्हाला फार बोलावंही लागत नाही.

मुख्य उतारा मात्र यहोशवा २२:१० ते ३४ हा घ्या. उपदेशासाठी हा अध्याय क्वचितच निवडला जातो, त्यामुळे लोक कान देऊन ऐकतील. शिवाय फॉरवर्डच्या बाबतीत जे जे घडतं ते जवळजवळ सगळं त्यात आहे.

गोष्ट अशी. देश वाटून झाला आहे. रऊबेन, गाद आणि मनश्शेचा अर्धा वंश यार्देनेच्या पूर्वेकडे आपल्या वतनात परत निघाले आहेत. वाटेत यार्देनेजवळ ते दिसायला भली मोठी अशी एक वेदी बांधतात. पश्चिमेकडच्या इस्राएलांच्या कानावर बातमी येते : त्यांनी वेदी बांधली. यज्ञाची वेदी एकच असायची, तेव्हा दुसरी वेदी म्हणजे परमेश्वराशी द्रोह. सगळी मंडळी शिलो येथे जमते, तीही चौकशीला नव्हे, थेट लढाईला. पण लढाईआधी ते फिनहास याजकाला आणि दहा सरदारांना, दर वंशाचा एक असे, गिलादात पाठवतात. हे लोक जाऊन आधी आरोपच करतात. मग पूर्वेकडचे सांगतात की ही वेदी होमबलीसाठी नाहीच. उद्या तुमची मुलं आमच्या मुलांना म्हणतील की मध्ये यार्देन आहे, परमेश्वरात तुमचा काही वाटा नाही. तसं होऊ नये म्हणून ही साक्ष उभी केली आहे. फिनहासाला ते पटतं. तो परत येऊन सगळं सांगतो आणि लढाईची भाषा थांबते.

आता मंडळीला एक प्रश्न विचारा आणि क्षणभर थांबा : कानावर आलेली बातमी खोटी होती का?

नव्हती. वेदी खरोखर बांधली होती. कोणीही जाऊन पाहिली असती तर दिसली असती. चुकला होता तो अर्थ, आणि त्या अर्थावर तलवारी निघाल्या होत्या. तुमच्या उपदेशाचा कणा हाच. लोकांना वाटतं, खोटी बातमी म्हणजे कुणीतरी शून्यातून रचलेली थाप. त्यामुळे ‘फोटो तर खरा दिसतोय’ एवढ्यावर त्यांचं समाधान होतं. प्रत्यक्षात फिरणाऱ्या मेसेजमध्ये फोटो बहुतेक वेळा खराच असतो. त्याच्याखाली लिहिलेलं गाव, साल किंवा कारण दुसरं असतं. पुराचा फोटो कधीच्या तरी पुराचा, जळलेल्या चर्चचा फोटो विजेच्या बिघाडाने लागलेल्या आगीचा, रडणाऱ्या बाईचा व्हिडिओ वेगळ्याच देशातला. म्हणून ‘खरं की खोटं?’ हा प्रश्न शिकवू नका, त्याने फारसं काही पकडलं जात नाही. ‘हे कधीचं, कुठलं आणि प्रत्यक्ष पाहिलेला माणूस कोण?’ हा शिकवा.

ह्याच उताऱ्यात तुमच्या त्या वडीलधाऱ्यांचीही बाजू आहे आणि ती प्रेमाने मांडा. शिलोला जमलेले लोक टवाळखोर नव्हते, देवभिरू होते. २२:१७ आणि २० मध्ये ते पौराचं पातक आणि आखानाचा अपराध काढतात. काहींच्या चुकीची शिक्षा सगळ्यांना भोगावी लागली होती, ती जखम अजून ओली होती. जुनी भीती आणि खरी भक्ती एकत्र आली की माणूस सर्वांत लवकर विश्वास ठेवतो. छळाच्या बातम्या मंडळ्यांमध्ये इतक्या वेगाने का पसरतात ह्याचं उत्तर हेच आहे : छळ कुठेतरी खरोखर होतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. हे सांगितलंत की पाठवणाऱ्याला आपण मूर्ख ठरलो असं वाटणार नाही. तो शिलोच्या मंडळीत जाऊन बसेल, आणि ती काही वाईट संगत नाही.

फिनहासावरही दोन मिनिटं द्या. गणना २५ मध्ये भाला घेऊन धावून गेलेला तो हाच. इतक्या तडकाफडकी माणसालाही इथे आधी विचारायला पाठवलं जातं. हा निव्वळ समंजसपणा नव्हता, नियम होता. अनुवाद १३:१२ ते १४ मध्ये म्हटलं आहे की एखाद्या नगराने अन्य देवांची सेवा केली असं कानावर आलं, तर चौकशी करा, तपास करा, बारकाईने विचारपूस करा, आणि गोष्ट खरी व निश्चित ठरली तरच पुढचं पाऊल उचला. मूर्तिपूजेसारख्या सर्वांत गंभीर आरोपालाही तपासातून सूट नाही. ‘विषय इतका गंभीर आहे की थांबायला वेळ नाही’ असं वाटायला लागतं तिथे हा नियम लावायचा आहे.

ह्याच्या समोर उलटी गोष्ट ठेवा, म्हणजे न तपासल्याची किंमत कळते. २ शमुवेल १६:१ ते ४. दावीद अबशालोमापासून पळतो आहे, थकलेला, घाबरलेला. सीबा येतो तो दोन गाढवं, दोनशे भाकरी, मनुकांचे शंभर घड, उन्हाळी फळं आणि द्राक्षारसाचा बुधला घेऊन. आणि सांगतो की त्याचा धनी मफीबोशेथ यरुशलेमेत राहिला आहे, राज्य परत मिळेल ह्या आशेने. दावीद दुसऱ्या कुणाला विचारत नाही. जागच्या जागी मफीबोशेथाची सगळी मालमत्ता सीबाला देऊन टाकतो. वाईट क्षण, हातात भेटवस्तू आणि आधीच मनात असलेली शंका, एवढं पुरेसं झालं. आजच्या मेसेजमध्ये भाकरीच्या जागी ‘आपल्या लोकांसाठी’ असा गोडवा असतो, इतकंच.

मग २ शमुवेल १९:२४ ते ३० वाचा. दावीद परत येतो, मफीबोशेथ भेटायला येतो. राजा गेल्या दिवसापासून त्याने पाय धुतले नव्हते, दाढी नीट केली नव्हती, कपडे धुतले नव्हते. म्हणजे पुरावा अंगावर होता, फक्त कोणीतरी जाऊन बघायला हवा होता. आणि सगळं ऐकून दावीद काय करतो? जमीन दोघांत वाटून घ्या म्हणतो. खोटं बोलणाऱ्याकडे अर्धी जमीन राहते. ‘सॉरी, ते खोटं निघालं’ असं नंतर लिहिलं तरी गेलेलं सगळं परत येत नाही, हे ह्याहून स्पष्ट मी तरी कुठे वाचलेलं नाही.

दोन गोष्टी पुरेत. नीतिसूत्रांमधून वचनांची माळ लावायचा मोह होईल, तो आवरा. फार तर १८:१७ घ्या, पहिला बोलणारा खरा वाटतो, दुसरा येऊन तपासेपर्यंत. बिरुयाकरांचं उदाहरण (प्रेषितांची कृत्ये १७:११) ह्या विषयावर हमखास दिलं जातं, पण ते लोक शिकवण शास्त्राशी ताडून पाहत होते, बातमी नव्हे. ‘बायबलमध्ये असं लिहिलंय’ म्हणून फिरणाऱ्या मेसेजसाठी ते चपखल आहे : वचन उघडा, अध्याय बघा, मागचीपुढची ओळ वाचा. बाकी ठिकाणी ते वापरू नका.

आता तपासणीकडे. उपदेशातच एक मेसेज पूर्ण सोडवून दाखवा, आणि तो तुमच्या ग्रुपवर आला तोच. फक्त पाठवणाऱ्याचं नाव आणि स्क्रीनशॉट नको, मजकूर कोऱ्या स्लाइडवर टाइप करून घ्या. राजकारणातलं उदाहरण अजिबात घेऊ नका. ज्यांच्या पक्षाविरुद्ध ते जाईल ते ऐकणं थांबवतील आणि बाकीचे मनात हसतील. आपल्याच श्रद्धेच्या लोकांना फसवणारं उदाहरण सगळ्यांना सारखं लागतं.

मेसेज वाचा आणि लोकांना त्यातले तपशील शोधायला लावा. २२ कुटुंबं. नावं? नाहीत. देश आहे. गाव? नाही. शिक्षा कोणी सुनावली, कोणत्या दिवशी? नाही. ते कुठल्या संस्थेचे होते? नाही. वेळ काय? ‘उद्या दुपारी.’ इथे थांबा. कोणती उद्या? मेसेज सोमवारी वाचला तर मंगळवार, दहा वर्षांनी वाचला तरी त्याचा दुसरा दिवस. ‘उद्या’, ‘आत्ता’, ‘आज रात्री’ असे शब्द असलेला आणि तारीख नसलेला मेसेज कधीच शिळा होत नाही, म्हणूनच तो वर्षानुवर्षं फिरत राहतो. खरी तातडीची विनंती लिहिणारा माणूस तारीख टाकतो, कारण उद्या काय होणार हे त्याला खरंच माहीत असतं.

मग शोध. मेसेज जसाच्या तसा टाकून शोधला की त्याच्याच नकला सापडतात आणि ‘इतक्या ठिकाणी आहे म्हणजे खरं असणार’ असं वाटतं. ही सर्वांत नेहमीची घसरण. त्याऐवजी मुख्य चार-पाच शब्द घ्या, आणि अशा बाहेरच्या देशातल्या दाव्यासाठी इंग्रजीत घ्या. उदाहरणार्थ हे टाइप करा :

```
22 missionaries Afghanistan death sentence hoax
```

शेवटचा शब्द महत्त्वाचा आहे, तो टाकला की दावा तपासणारी पानं वर येतात. त्याचबरोबर तो शब्द काढूनही एकदा शोधा, नाहीतर आपण फक्त आपल्याला हवं तेच शोधलं असं होईल. ह्या मेसेजच्या बाबतीत कळतं ते असं : हाच मजकूर २००९ पासून फिरतो आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने काबूल घेतल्यावर तो पुन्हा उसळला आणि त्या वेळी आकडा २२ चा २२९ झाला होता. बाकी ‘उद्या दुपारी’ तशीच. देहदंड झाल्याची बातमी दुसऱ्या दिवशी कुठेच नव्हती, आणि २२ कुटुंबांच्या मृत्यूवर सगळ्या जगाची वृत्तपत्रं गप्प बसतील हे शक्य नाही.

इथेच वेदीची गोष्ट परत जोडा, कारण ह्या मेसेजमागेही विश्वास बसावा असं काहीतरी खरं घडलेलं आहे. जुलै २००७ मध्ये अफगाणिस्तानच्या गझनी प्रांतातून बसने जाणाऱ्या दक्षिण कोरियाच्या २३ ख्रिस्ती स्वयंसेवकांना तालिबानने ओलीस धरलं. त्यातल्या दोघांना ठार मारलं, उरलेले २१ जण ऑगस्टअखेरपर्यंत सुटले. ही घटना साल, प्रांत आणि आकड्यांसकट नोंदलेली आहे. खऱ्या घटनेला असे कोपरे असतात, ते हाताला लागतात. मेसेज गुळगुळीत असतो. लोकांना हा फरक शेजारी शेजारी दोन स्लाइडवर दाखवा, मग वेगळं समजावावं लागत नाही.

फोटो असेल तर काय, हे विचारलं जाईलच. फोटो फोनमध्ये सेव्ह करायचा, गूगल अ‍ॅपमधल्या शोधपट्टीतल्या कॅमेऱ्याच्या चिन्हावर बोट ठेवायचं, फोटो निवडायचा आणि तोच फोटो आणखी कुठे आहे ते पाहायचं. संगणकावर tineye.com हे संकेतस्थळ ह्यासाठी सोयीचं आहे, कारण तिथे निकाल सर्वांत जुन्यापासून लावता येतात. व्हिडिओ असेल तर चेहरे किंवा पाट्या स्पष्ट दिसतात तिथे थांबवून स्क्रीनशॉट घ्यायचा आणि तो शोधायचा. आता ह्यातली मेख. मेसेज ‘कालचा’ म्हणतो आणि फोटो चार वर्षांपूर्वीच्या पानावर सापडला, तर दावा तिथेच संपला. पण फोटो कुठेच सापडला नाही तर काहीही सिद्ध झालेलं नाही. फोटो कापलेला असेल, आरशासारखा उलटवलेला असेल, किंवा तो कधी इंटरनेटवर चढलाच नसेल. हा शोध खोटं पकडू शकतो, खरं ठरवू शकत नाही. हे वाक्य दोनदा म्हणा, कारण नव्याने शिकलेली माणसं ‘मी शोधलं, काही मिळालं नाही, म्हणजे खरं’ असं उत्साहाने पाठवून मोकळी होतात.

वृत्तपत्राचं कात्रण आलं तर त्याच वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर त्याच तारखेचा अंक उघडायचा. कात्रणावर तारीखच नसेल तर ते मुद्दाम कापलं असण्याची शक्यता मोठी.

व्हॉट्सअ‍ॅप स्वतः थोडी खूण देतं, तीही दाखवा. फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर एक बाण असतो. मेसेज मूळ माणसापासून किमान पाच वेळा पुढे गेलेला असेल तर दोन बाण येतात आणि Forwarded many times असं लिहिलेलं दिसतं. असा मेसेज एप्रिल २०२० पासून एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. दोन बाण म्हणजे खोटं असं नाही, एवढंच की लिहिणारा तुमच्या ओळखीचा नाही. आणि बाण नसणं म्हणजे ताजा असंही नाही, कारण मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की खूण पुसली जाते. मेसेज बंदिस्त स्वरूपात जात असल्याने मधला मजकूर कंपनीला वाचता येत नाही, तेव्हा कोणीतरी वरून गाळून देईल ही आशा ठेवू नये.

अनुवाद १९:१५ मधला दोन-तीन साक्षीदारांचा नियम ह्या जागी आणा, पण गैरसमजासकट. लोक म्हणतील, ‘मला पाच ग्रुपवर आला, म्हणजे पाच साक्षीदार झाले.’ नाही झाले. पाचही जणांनी एकाच ठिकाणाहून उचललं असेल तर साक्षीदार एकच. ओळखायचं कसं? शब्द न् शब्द तोच, शुद्धलेखनाची चूक तीच, उद्गारचिन्हंही तितकीच. खरे दोन साक्षीदार तीच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगतात, आणि एकाला माहीत असलेलं काही दुसऱ्याला माहीत नसतं. मिशनरींच्या बातमीत असा वेगळा साक्षीदार म्हणजे त्यांना पाठवणारी संस्था, किंवा त्या भागात स्वतःचा वार्ताहर असलेलं वृत्तपत्र. तुमच्या ओळखीचे दुसरे पाळक नव्हेत, त्यांनाही तो ग्रुपवरच आला आहे.

आता ‘प्रार्थनेला काय पुरावा लागतो?’ ह्याचं उत्तर. नाव न घेता, पण टाळू नका, कारण अर्ध्या मंडळीच्या मनात तेच आहे. प्रार्थनेला पुरावा लागत नाही, हे अगदी मान्य करा. मेसेज वाचला आणि मन हललं तर तिथेच डोळे मिटून प्रार्थना करावी. खरं काय घडलं हे देवाला माहीत आहे, त्याला आपली माहिती दुरुस्त करावी लागत नाही. पण पुढे पाठवणं ही प्रार्थना नाही, ती साक्ष आहे. पाठवताना आपण दुसऱ्या माणसाला सांगतो की हे असं घडलं आणि अमक्यांनी केलं. साक्षीला तपास लागतो. शिवाय त्या मेसेजमध्ये एखाद्या समाजावर ठपका असतो, म्हणजे निर्गम २३:१ आणि खोट्या साक्षीची आज्ञा दोन्ही तिथे लागू होतात, मग शेवटी ‘आमेन’ लिहिलेलं असो वा नसो. आणि तिसऱ्यांदा खोटी विनंती आली की लोक चौथी खरी असली तरी वाचतही नाहीत. नुकसान शेवटी खऱ्या पीडितांचं होतं.

चुकून पाठवलं गेलं तर काय करायचं, हे उपदेशात सांगितलं नाही तर लोक फक्त लाजतात आणि गप्प बसतात. फिनहास परत आला तो त्याच मंडळीकडे, आणि जे कळलं ते त्याच लोकांना सांगितलं. म्हणून ज्या ग्रुपवर पाठवलं त्याच ग्रुपवर, पाठवणाऱ्यानेच लिहावं : ‘काल मी पाठवलेली २२ कुटुंबांची बातमी खरी नाही, हा मेसेज २००९ पासून फिरतो आहे. ज्यांनी पुढे पाठवला त्यांनी कृपया तिथेही कळवावं.’ एवढं पुरे, माफीचं लांबण नको. मूळ मेसेज पुन्हा चिकटवू नये, नाहीतर घाईत वाचणारा तेवढाच उचलतो. ‘सर्वांसाठी हटवा’ हा पर्याय साधारण दोन दिवस मिळतो, तो वापरावा, पण त्याने फक्त त्या ग्रुपमधला मेसेज जातो. ज्यांनी पुढे पाठवला त्यांच्या प्रती तशाच राहतात. नुसता हटवून गप्प बसलं तर ज्यांनी वाचलं त्यांच्या मनात बातमी खरीच राहते.

तुमच्या त्या तरुणालाही एक गोष्ट शिकवायला हवी, ती उपदेशाबाहेर, एकट्याला गाठून. त्याचं म्हणणं बरोबर होतं, जागा चुकली. मत्तय १८:१५ प्रमाणे आधी पाठवणाऱ्याला एकट्याला कळवावं, सोबत सापडलेलं पान द्यावं, आणि दुरुस्ती त्याच्याच हातून होऊ द्यावी. सगळ्यांसमोर वडीलधाऱ्या माणसाला ‘हे फेक आहे’ म्हटलं की तो बातमीची नव्हे, स्वतःची बाजू लढवायला लागतो. अपवाद एकच : मेसेजमुळे कोणी औषध बंद करणार असेल, पैसे भरणार असेल किंवा कुणावर जमाव जाणार असेल, तर थेट ग्रुपवर लिहावं, भावना नंतर सांभाळता येतात.

वेळेची आखणी म्हणाल तर पंचवीस मिनिटांत यहोशवा २२ ला दहा, सीबाला पाच, मेसेज सोडवून दाखवायला सात, आणि प्रार्थनेच्या आक्षेपाला व दुरुस्तीला मिळून उरलेली तीन. स्लाइड चारच : मेसेज, त्यातले गायब तपशील, शोधाचा निकाल, आणि २००७ ची नोंदलेली घटना. निकालाचे स्क्रीनशॉट आदल्या दिवशी घेऊन ठेवा. व्यासपीठावरून प्रत्यक्ष शोधायला गेलात तर नेट हमखास अडतं आणि मागच्या बाकावर कुजबूज सुरू होते. अक्षर एवढं मोठं की शेवटच्या रांगेतून चष्म्याशिवाय वाचता यावं. फोटो शोधायची पद्धत आणि बाणांची खूण उपदेशात फक्त सांगून सोडा, बोटं तिथे वळत नाहीत. उपासना झाल्यावर वीस मिनिटं थांबणाऱ्यांसाठी चार-चार जणांचे गट करा, प्रत्येक गटात एक सवयीचा माणूस. फोन मात्र ज्याचा त्याच्याच हातात राहू द्या. तरुण मुलं ‘द्या इकडे’ म्हणून स्वतःच करून देतात आणि शिकणारा पाहत राहतो.

ग्रुपवर प्रार्थना विनंती टाकण्याचा नियम त्याच आठवड्यात लावा, उपदेशाचा परिणाम ताजा असेपर्यंत. विनंतीत चार गोष्टी असाव्यात : कोणासाठी, कुठे, कोणत्या तारखेपर्यंत, आणि मंडळीतला कोण त्यांना प्रत्यक्ष ओळखतो. आजारपणाची विनंती असेल तर त्या कुटुंबाची परवानगीही. तारखेचा मुद्दा रक्ताच्या गरजेच्या मेसेजलाही लावा. रुग्ण बरा होऊन घरी जातो किंवा देवाघरी जातो, आणि त्या कुटुंबाला वर्षानुवर्षं अनोळखी फोन येत राहतात. ह्या चारपैकी एखादी जरी गोष्ट राहिली असेल तर अ‍ॅडमिनने ती विनंती ग्रुपवर न ठेवता पाठवणाऱ्याला वैयक्तिक विचारावं. हे काम रोजचं आहे आणि त्यात रोषही पत्करावा लागतो, तेव्हा एकट्या अ‍ॅडमिनवर टाकू नका, दोघांना द्या. त्यातले एक ते चिडलेले वडीलधारे असावेत, असं मी सुचवेन. प्रार्थनेची तळमळ त्यांना आहेच, आणि त्यांनी विचारलेला प्रश्न कुणाला टोचणार नाही.